ओतण्याआधीचं वजन

कोल्हापुरात शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत एखादं नवं गिऱ्हाईक येतं, तेव्हा त्याच्या हातात दर वेळी ड्रॉइंग असतंच असं नाही. पुष्कळदा टेम्पोतून उतरतो तो नुसता लाकडी पॅटर्न. रंग उडालेला, कुणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी केलेला. गुऱ्हाळाच्या चरकाचा रोलर, पंपाची केसिंग, जुन्या मशिनचं एखादं ब्रॅकेट. पॅटर्न जमिनीवर टेकतो न टेकतो तोच प्रश्न येतो, ‘‘मालक, वजन किती भरेल?’’

प्रश्न साधा वाटतो, पण पुढचं सगळं त्याच्या उत्तरावर उभं असतं. कास्टिंगचा भाव किलोवर ठरतो. भट्टीत माल किती वितळवायचा, लॅडल कोणती घ्यायची, एका वितळीत किती नग बसतील, हे वजनावरूनच ठरतं. अंदाज कमी धरला आणि लॅडल साचा भरण्याआधीच रिकामी झाली, तर तो नग वाया गेला. उरलेली जागा मागाहून दुसऱ्या लॅडलने भरता येत नाही, कारण आधी ओतलेलं लोखंड तोवर गोठायला लागलेलं असतं आणि दोन्ही ओत एकजीव होत नाहीत. अंदाज जास्त धरला, तर भाव चढा निघतो आणि काम शेजारच्या फौंड्रीत जातं.

हे उत्तर काढायला तीन गोष्टी लागतात. पॅटर्नने वाळूत केलेली पोकळी किती, धातू थंड होताना किती आटतो, आणि थंड झालेल्या त्या धातूचं लिटरमागे वजन किती. तिन्ही आकडे मिळाले की उरतो एक गुणाकार आणि एक भागाकार. चुका होतात त्या आकडे मिळवताना, आणि बहुतेक वेळा त्याच त्याच जागी होतात. म्हणून एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ. चरकाचा बिडाचा रोलर घेऊ. मिस्त्री लोक ज्याला बीड म्हणतात ते ग्रे कास्ट आयर्न, म्हणजे करड्या रंगाचं ओतीव लोखंड.

आपला रोलर तयार झाल्यावर बाहेरून 240 मिलिमीटर व्यासाचा, 300 मिलिमीटर लांबीचा आणि मधून शाफ्टसाठी 80 मिलिमीटरचं आरपार भोक असलेला असायला हवा. पण ओतताना तो या मापाचा ओतत नाहीत. लेथवर खरडून गुळगुळीत करायला सगळीकडे थोडा माल जास्त ठेवावा लागतो. प्रत्येक बाजूला 5 मिलिमीटर धरले, तर ओतलेला कच्चा रोलर 250 व्यासाचा, 310 लांबीचा आणि 70 च्या भोकाचा होईल. भोकाच्या बाबतीत माल आतून वाढतो, म्हणून भोक लहान होतं. पहिली मोठी गल्लत इथेच होते. गिऱ्हाइकाने कॉम्प्युटरवर काढलेल्या तयार रोलरच्या मॉडेलवरून वजन काढलं, तर ते 87 किलो येतं. कच्च्या कास्टिंगचं वजन निघेल 101 किलो. मधले 14 किलो बुरा होऊन लेथखाली पडणार आहेत. ते वितळवायला वीज आणि कोळसा मात्र लागलेलाच असतो. म्हणून भाव सांगताना ‘वजन कच्चं की तयार?’ एवढं विचारून घेतलं, तरी निम्मी भांडणं टळतात.

आता पॅटर्न पाहू. वितळलेलं बीड गोठल्यानंतर खोलीच्या तापमानापर्यंत थंड होताना लांबीत साधारण एक टक्का आटतं. म्हणून पॅटर्नमेकर प्रत्येक माप तेवढं वाढवून घेतो. 250 चा व्यास 252.5 होतो, 310 ची लांबी 313.1 होते. पूर्वीपासून यासाठी एक खास पट्टी वापरतात, तिला कॉन्ट्रॅक्शन स्केल म्हणतात. तिच्यावर 100 मिलिमीटर लिहिलेलं असतं तिथे खरं अंतर 101 असतं. सुताराला डोक्यात हिशोब करायला नको, ड्रॉइंगवरचं माप त्या पट्टीने घेतलं की वाढ आपोआप होते. पोलादाची पट्टी वेगळी असते, तिच्यात सुमारे दोन टक्के वाढ असते. ॲल्युमिनियमची 1.3 टक्क्यांच्या आसपास, पितळेची दीड टक्क्यांच्या आसपास.

पॅटर्नवर आणखी एक गोष्ट असते, जी कास्टिंगवर कधीच दिसत नाही. मधलं भोक वाळूच्या कोअरने पडतं. ती कोअर साच्यात टेकवायला दोन्ही टोकांना बैठक लागते. म्हणून पॅटर्नच्या दोन्ही टोकांना लाकडाचे दांडे बाहेर काढलेले असतात. हे कोअर प्रिंट. आपल्या रोलरला भोकाच्या मापाचे, प्रत्येकी 50 मिलिमीटर लांबीचे दोन प्रिंट आहेत असं धरू.

या पॅटर्नचं आकारमान काढायचं कसं? रोलर गोल आहे, तेव्हा व्यास आणि लांबी मोजून हिशोब करता येईल. पण पंपाच्या केसिंगला, रिब असलेल्या ब्रॅकेटला हे जमत नाही. पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून बाजूंना दिलेला उतार, कोपऱ्यांत भरलेली गोलाई, या सगळ्याला मापपट्टी पुरी पडत नाही. छोट्या-मोठ्या कसल्याही आकाराला चालणारी पद्धत पाण्याची आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

प्लॅटफॉर्मच्या काट्यावर एक मोठं पिंप ठेवा, त्यात पॅटर्न पूर्ण बुडेल एवढं पाणी घ्या आणि काटा शून्यावर आणा. आता पॅटर्न हलकेच पाण्यावर सोडा. लाकूड तरंगेल आणि काट्यावर पॅटर्नचं स्वतःचं वजन दिसेल, सागवानाच्या आपल्या पॅटर्नला साधारण साडेदहा किलो. मग दोन बारीक सळयांनी पॅटर्न सरळ खाली दाबून पूर्ण बुडवा. काटा चढत जाऊन 16.07 किलोवर थांबेल. या आकड्याचा लाकडाच्या वजनाशी काही संबंध नाही. पॅटर्नने जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढं वजन काट्याने दाखवलं. एक लिटर पाणी एक किलोचं, म्हणून पॅटर्नचं आकारमान 16.07 लिटर. पाणी सांडून मोजायला नको, खुणा करायला नकोत.

ही पद्धत फसते ती तीन-चार ठिकाणी. पॅटर्न पिंपाच्या तळाला टेकला, तर हाताचा सगळा जोर काट्यावर येतो आणि आकडा उगाच फुगतो. म्हणून काटा एका जागी स्थिर राहतो का हे पाहायचं. दाब वाढवल्यावर आकडा चढत राहिला, तर कुठेतरी टेकलंय. पॅटर्नच्या खालच्या खाचेत हवा अडकली, तर ती हवाही लाकूड म्हणून मोजली जाते. म्हणून पॅटर्न तिरका करून बुडवायचा आणि पाण्यात एकदा हलवायचा. सळयांचा पाण्यात गेलेला भागही मोजला जातो, म्हणून सळया बारीक हव्यात. आणि रंग-लाखेचा थर शाबूत असलेला पॅटर्न मिनिटभर पाण्यात राहिला तर बिघडत नाही, पण रंग उडालेला, सांधे सुटू पाहणारा जुना पॅटर्न पाणी पितो आणि फुगतो. तसल्या पॅटर्नला आधी रंगाचा हात द्यावा किंवा मोजमाप पट्टीनेच करावं. दोन भागांचा पॅटर्न असेल, तर प्रत्येक भाग वेगळा बुडवून बेरीज केली तरी चालते.

पाण्याची गंमत ही, की वाळू जिथे शिरणार तिथेच पाणी शिरतं. पॅटर्न पाठीमागून उघडा आणि पोकळ असेल, तर त्या पोकळीत वाळू बसते, तसंच पाणीही बसतं. पॅटर्न बंद खोक्यासारखा आतून पोकळ बांधलेला असेल, तर आत काय आहे ते वाळूला कळत नाही आणि पाण्यालाही कळत नाही. म्हणून इथे मिळणारा आकडा साच्याच्या पोकळीशी बरोबर जुळतो.

बऱ्याच जुन्या फौंड्रींत याऐवजी एक ठोकताळा वापरतात. पॅटर्नचं वजन करायचं आणि त्याला ठरावीक आकड्याने गुणायचं. सागवानाला बिडासाठी अकरा, हलक्या लाकडांना पंधरा-सोळा. हिशोब असा, की सागवान लिटरला सुमारे 650 ग्रॅम आणि बीड लिटरला सुमारे 7.2 किलो, म्हणजे अकरा पट. घाईत भाव सांगायला ठोकताळा बरा आहे. पण सागवानाचं वजन झाडागणिक आणि ऋतूगणिक बदलतं. लिटरला 600 ग्रॅमच्या लाकडाचा आपला पॅटर्न साडेनऊ किलोच्या थोडा वर भरेल, 700 ग्रॅमच्या लाकडाचा सव्वाअकरा किलो. अकराने गुणलं तर पहिल्याचं उत्तर 106 येतं, दुसऱ्याचं 124. साचा एकच, पोकळी एकच, आणि अंदाजात 18 किलोंचा फरक. त्यात कोअरचं भोक अजून वजा व्हायचंच आहे. भरीव नसलेल्या, फळ्या जोडून बांधलेल्या मोठ्या पॅटर्नला तर हा ठोकताळा लावूच नये.

आता कोअर. इथे अनेक जण फार कष्ट घेतात. भोक किती लांब, प्रिंट किती लांब, हे वेगवेगळं मोजून बेरजा-वजाबाक्या करतात. त्याची गरज नाही. कोअर ज्या कोअर बॉक्समध्ये बनते त्याचं संपूर्ण आकारमान मोजा, प्रिंटच्या लांबीसकट, आणि ते पॅटर्नच्या संपूर्ण आकारमानातून वजा करा. प्रिंटने वाळूत केलेली जागा कोअरची टोकं भरतात, म्हणून प्रिंट दोन्हीकडे सारखे येऊन आपोआप निघून जातात. उरते ती फक्त धातूने भरायची पोकळी.

कोअर बॉक्समध्ये कोरडी बारीक वाळू भरून पट्टीने सपाट करा आणि ती वाळू तोला. मग त्याच वाळूने, त्याच रीतीने, एक लिटरचं माप भरून तेही तोला. पहिल्या वजनाला दुसऱ्याने भागलं की लिटर मिळाले. एकदा वाळू हलकी सोडायची आणि एकदा ठोकून भरायची असं करू नये, दोन्ही वेळा हात सारखा हवा. आपल्या रोलरची कोअर 70.7 मिलिमीटर व्यासाची आणि 413 मिलिमीटर लांबीची आहे. तिचं आकारमान 1.62 लिटर भरतं.

तेव्हा 16.07 मधून 1.62 गेले, उरले 14.45 लिटर. कोअर वजा करायलाच विसरलं, तर अंदाज सरळ 11 किलोने वर जातो. हे विसरणं अगदी शक्य आहे, कारण पॅटर्न समोर असतो आणि कोअर बॉक्स बहुतेक वेळा दुसऱ्या रॅकवर पडलेला असतो.

यापुढचा टप्पा सगळ्यात जास्त घोळाचा, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबू. साच्याची पोकळी 14.45 लिटर आणि बीड लिटरला 7.2 किलो. सरळ गुणलं तर 104 किलो येतात. हे उत्तर चूक आहे. कारण 7.2 हा आकडा थंड बिडाचा आहे आणि थंड रोलर 14.45 लिटरचा नसतो, तो आटलेला असतो. लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही बाजूंनी एक-एक टक्का आटलं, की आकारमान तीन टक्क्यांनी आटतं. नेमका आकडा 1.01 चा तीनदा गुणाकार, म्हणजे 1.0303. 14.45 ला त्याने भागलं की 14.02 लिटर. त्याला 7.2 ने गुणलं की 101 किलो.

वजन = (पॅटर्न − कोअर) ÷ 1.0303 × 7.2

पुष्कळांना इथे शंका येते. साच्यात ओतलेला धातू आटला तरी त्याचं वजन कुठे जातं? जात काहीच नाही. गोठण्याच्या क्षणी पोकळी पूर्ण भरलेली असते, पण त्या क्षणी धातू तापलेला, फुगलेला असतो आणि लिटरला 7.2 ऐवजी जेमतेम सात किलो भरतो. 14.45 लिटरला सात किलो, म्हणजे तेच 101. थंड होताना तो आखडतो आणि लिटरमागे जड होतो, एकूण वजन तेवढंच राहतं. भाग द्यायचा तो या कारणाने.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ओतलेला धातू तीनदा आखडतो. वितळलेल्या अवस्थेत थंड होताना, गोठताना आणि गोठल्यावर थंड होताना. पॅटर्नवरची एक टक्का वाढ फक्त तिसऱ्या आखडण्यासाठी असते. पहिल्या दोन आखडण्यांत जी कमी पडते ती रायझर भरून काढतो, म्हणजे कास्टिंगच्या डोक्यावर ठेवलेला जादा धातूचा साठा. ॲल्युमिनियम गोठताना सहा टक्क्यांच्या घरात आखडतं. बिडाचं वागणं निराळं असतं. गोठताना त्यातलं कार्बन ग्राफाइट होऊन बाहेर पडतं आणि ग्राफाइट जास्त जागा खातं, म्हणून गोठतानाचं आखडणं बरंचसं भरून निघतं. ॲल्युमिनियमचे ते सहा टक्के कास्टिंगच्या वजनाच्या हिशोबात घुसडायचे नसतात. ते रायझरच्या हिशोबात जातात.

उलट दिशेची चूकही होते. कॉन्ट्रॅक्शन स्केलने पॅटर्न मोजला, तर हाती येणारी मापं पॅटर्नची नसतात, थंड कास्टिंगची असतात. त्यावरून आकारमान काढून पुन्हा 1.03 ने भागलं, तर आटणं दोनदा धरलं जातं आणि 98 किलो हे उत्तर येतं. साध्या पट्टीने मोजलं किंवा पाण्यात बुडवलं तर भागायचं, कॉन्ट्रॅक्शन स्केलने मोजलं तर भागायचं नाही. मोजायला बसण्याआधी पट्टीच्या कडेवर काय लिहिलंय ते वाचून घ्यावं, कारण दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्याच असतात.

तीन किलो म्हणजे एका रोलरमागे तीन टक्के. पन्नास रोलरच्या ऑर्डरीत दीडशे किलो होतात. समजा भाव किलोला शंभर रुपये असेल, तर पंधरा हजारांचा फरक. फौंड्रीच्या धंद्यात नफ्याचे टक्केही पुष्कळदा याच मापाचे असतात.

राहिला घनतेचा आकडा. मी वर 7.2 वापरला, पण बिडाला एकच ठाम घनता नाही. बिडात वजनाने तीन-सव्वातीन टक्के कार्बन असतं आणि ते बहुतेक ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतं. ग्राफाइट लोखंडाच्या मानाने फार हलकं, लिटरला सव्वादोन किलोच्या आसपास. म्हणून वजनाने तीन टक्के असलेलं ग्राफाइट जागेने जवळजवळ दहावा हिस्सा व्यापतं. कार्बन जास्त, पोत मऊ, अशा एफजी 150 सारख्या बिडाची घनता 7.1 च्या आसपास येते. मजबूत, कमी ग्राफाइटच्या एफजी 300 ची 7.25 ते 7.3 पर्यंत जाते. जाड भाग सावकाश थंड होतो आणि त्यात ग्राफाइट मोठं होतं, म्हणून एकाच वितळीतला जाड नग पातळ नगापेक्षा किंचित हलका निघू शकतो. आपल्या रोलरला 7.1 धरलं तर 99.6 किलो, 7.3 धरलं तर 102.4.

पुस्तकातला आकडा घेण्यापेक्षा आपल्या भट्टीचा आकडा काढणं सोपं आहे. टाकून दिलेल्या निर्दोष कास्टिंगचा किलो-दोन किलोचा तुकडा कापा, तोला आणि मग तोच तुकडा दोरीने काट्याला टांगून पाण्यात बुडवून तोला. पाण्यात जेवढं वजन घटलं तेवढं त्याचं आकारमान. हवेतलं वजन भागिले घट, झाली घनता. तुकड्यात छिद्रं नसावीत आणि तो ज्या प्रतीचं काम करायचं आहे त्याच प्रतीचा असावा.

आता रोलर ओतला, झडझडीत साफ केला, रनर-रायझर तोडले, ग्राइंडिंग केलं आणि काट्यावर ठेवला. 101 ऐवजी साधारण 103 दिसलं, तर बिचकायचं कारण नाही. वाळूच्या साच्यात ओतलेले नग हिशोबापेक्षा थोडे जडच भरतात. पॅटर्न वाळूतून काढण्याआधी मोल्डर तो ठोकून सैल करतो, तेवढी पोकळी वाढते. वितळलेल्या बिडाच्या दाबाने वाळू मागे सरते. रोलर बाहेरून गोल बाजूला सगळीकडे फक्त एक मिलिमीटर फुगला, तरी पावणेदोन किलो वाढतात. वरची आणि खालची पेटी नीट जुळली नाही, वरच्या पेटीवर वजनं कमी ठेवली, तर ती किंचित उचलली जाते आणि जोडावर धातूची जाड कड येते.

पण काटा आणि पट्टी दोन्ही हाताशी असतील, तर दोषाचा माग लागतो. वजन जास्त आणि व्यासही जास्त असेल, तर साचा फुगला, वाळू मऊ ठोकली गेली. वजन जास्त आणि बाहेरची मापं बरोबर असतील, तर आधी भोक मोजावं. कोअर मापापेक्षा बारीक आली असेल किंवा धातूच्या दाबाने कुठे मोडली असेल, तर भोकात माल वाढतो. सगळी मापं बरोबर असूनही तीन किलो जास्त दिसत असतील, तर कास्टिंग ठीक आहे, आटण्याचा भागाकार दोनदा झालाय. आणि मापं सगळी बरोबर असून वजन मात्र 97 किलो निघालं, तर काळजी करावी. चार किलो बीड कमी, म्हणजे आत कुठेतरी अर्ध्या लिटरहून जास्त पोकळी आहे. वायू अडकलाय किंवा रायझरने पुरेसा धातू पुरवला नाही. असा रोलर लेथवर लावण्याआधीच बाजूला काढलेला बरा, कारण पोकळी बहुतेक वेळा शेवटच्या कटला उघडी पडते, तोवर खरडण्याची मजुरी गेलेली असते.

101 किलोच्या कास्टिंगला 101 किलो ओतून भागत नाही. रनर, गेट, रायझर यांतही धातू जातो. बिडाच्या साध्या कामात ओतलेल्या धातूपैकी साधारण सत्तर टक्के कास्टिंगमध्ये राहतो असं धरलं, तर एका रोलरला 144 किलो ओतावे लागतील. पोलादाच्या कामात रायझर फार मोठे लागतात, तिथे हा आकडा निम्म्यावरही येतो. लॅडल ठरवायची ती या आकड्यावर, 101 वर ठरवायची नाही.

शेवटी, गिऱ्हाईक कधीकधी म्हणतं, ‘‘हाच पॅटर्न आहे, यातच पोलादाचा एक काढून द्या की!’’ अशा वेळी आटणं पॅटर्नवर लिहिलेलं धरायचं नाही, ओतल्या जाणाऱ्या धातूचं धरायचं. पोकळी तीच, 14.45 लिटर. पोलाद दोन टक्के आटतं, म्हणजे 1.02 तीनदा गुणून 1.061. 14.45 ला त्याने भागलं की 13.62 लिटर, आणि पोलाद लिटरला 7.85 किलो, म्हणून 107 किलो. वजन बरोबर निघालं, पण रोलरचा व्यास 250 ऐवजी साडेसत्तेचाळीसच्या घरात, म्हणजे 247.5 येईल. खरडायला ठेवलेल्या प्रत्येक बाजूच्या पाच मिलिमीटरपैकी सव्वा मिलिमीटर तिथेच संपले. लांबीत ही घट तीन मिलिमीटर होते. या रोलरला ते निभावून जाईल. मीटरभर लांबीच्या बेडला दहा मिलिमीटर कमी पडतील आणि तिथे मात्र नवा पॅटर्न करावाच लागेल. वजनाच्या हिशोबाने आधीच सावध करणारी ही गोष्ट आहे. आकारमान काढताना थंड कास्टिंगची मापं डोळ्यांपुढे येतातच, ती एकदा ड्रॉइंगशी ताडून पाहायची.

पहिला नग काट्यावर चढला, की शहाणे मिस्त्री पॅटर्नच्या पाठीवर रंगाने चार आकडे लिहून ठेवतात. पॅटर्न 16.07, कोअर 1.62, बिडाची प्रत एफजी 200, प्रत्यक्ष वजन 103. पुढच्या ऑर्डरीला पिंप भरावं लागत नाही. पॅटर्न झिजला, त्याला पट्टी मारली, नव्याने रंग चढवला किंवा कोअर बॉक्स बदलला, तर मात्र ते आकडे खोडून पुन्हा मोजायचं. रंगाचा अर्ध्या मिलिमीटरचा थर सगळीकडे चढला, तर एवढ्या रोलरला तेवढ्यानेच किलोभर वजन वाढतं.